चोवीस गाड्यांची नोटीस

वकिलीची सनद घेऊन मी हिंगोलीला परत आले, तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता आणि हिंगोलीच्या कोर्टात काळा कोट घालणारी बाई मी एकटीच होते. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या वस्तीत दहावीच्या पुढं गेलेली मुलगीही मी पहिलीच, त्यामुळं वस्तीतली बायामाणसं मला रस्त्यात थांबवून कोट हात लावून बघायची. "उकडत न्हाई का गं यात?" म्हणायची. उकडायचं. पण मी सांगायची नाही.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होते, ते वकीलसाहेब निजामाच्या काळात हैदराबादला उर्दूतून कायदा शिकलेले. मराठी बोलता बोलता "मिसल काढा", "बराबर बोला" असं त्यांच्या तोंडात यायचं. मला ते 'वकीलबाई' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. पहिले दोन महिने मला वाटायचं, चेष्टा करतात. मग लक्षात आलं, ते सगळ्यांशीच असं बोलतात, पक्षकाराच्या म्हाताऱ्या आईशीही आणि चहावाल्याशीही. माझ्या वाट्याला दोन महिने टायपिंग, नकला आणि तारखा लिहिणं याशिवाय काही आलं नव्हतं.

हिवाळ्यात एका सकाळी वारंग्याकडच्या एका तांड्याचा नायक ऑफिसात आला. साठीचा माणूस, पांढरं मुंडासं, अंगात काळी बंडी. बसायला खुर्ची दिली तर भिंतीला टेकून उभाच राहिला. त्याच्या हातात कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनविसानं लिहून दिलेला कागद होता.

"एवढं एकदा बघा साहेब," तो म्हणाला. "बराबर हाय म्हणा, म्हणजे मी पोस्टात टाकून येतो. आमची बैलं पडली."

हकीकत अशी होती. कालव्याचं काम चालू होतं. त्याला खाणीतून दगड आणि मुरूम वाहायचा ठेका तांड्यानं घेतलेला. चोवीस गाड्या, अठ्ठेचाळीस बैल. कराराचा कागद कालव्याच्या ठेकेदाराशी झालेला, तांड्याच्या वतीनं सही नायकाची. एक महिना काम जोरात चाललं आणि मग बैलांना लाळ्या-खुरकूत आली. तोंडातून लाळ, खुरांत फोड, बैल उभे राहीनात. ढोरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांच्या रिपोर्टावरून तहसील कचेरीनं लेखी हुकूम काढला: तांडा आणि आजूबाजूच्या गावांतली जनावरं बाहेर न्यायची नाहीत, बाहेरची आत आणायची नाहीत.

साहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला. "वाचा, वकीलबाई. मोठ्यानं."

मी वाचलं. "आम्ही सदर करार मोडीत आहोत. आमच्याकडून चूक झाली, मोठ्या मनाने माफी असावी. आमची बैले आजारी असल्याने आम्हांस काम जमत नाही."

"कसं वाटतं?" साहेबांनी विचारलं.

"चांगलं नम्र आहे," मी म्हणाले.

साहेब हसले नाहीत. "हा कागद जर समोरच्याच्या हातात पडला, तर त्याला कोर्टात दुसरा पुरावाच लागणार नाही. ह्यात लिहिलंय, करार आम्ही मोडतो. ह्यात लिहिलंय, चूक आमची. उद्या त्यानं बाहेरून गाड्या आणल्या, तर त्याचा जास्तीचा खर्च तांड्याच्या बोकांडी. आता करार वाचा."

नायकानं बंडीच्या खिशातून काढून दिलेला करार स्टँपपेपरवर, मराठीत होता. शेवटून दुसरं कलम मी दुसऱ्यांदा चाळताना वाचलं, पहिल्या खेपेला ते वगळूनच पुढं गेले होते. लिहिलं होतं, की नैसर्गिक आपत्ती, साथीचा रोग, सरकारी हुकूम किंवा पक्षाच्या आवाक्याबाहेरचं दुसरं कारण यामुळं काम अशक्य झालं, तर त्या पक्षानं सात दिवसांत लेखी कळवावं. अडथळा तीस दिवसांहून जास्त टिकला, तर कोणत्याही पक्षाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल, आणि मग कुणी कुणाकडं भरपाई मागायची नाही.

"हुकूम कधी निघाला?" साहेबांनी नायकाला विचारलं.

"आज पाचवा दिवस."

"म्हणजे दोन दिवस आहेत. आज करार संपवायचा नाही. तो हक्कच अजून आला नाही तुमच्याकडं. आज फक्त कळवायचं. करार उभा राहील, काम थांबेल."

नायकानं मुंडासं सारखं केलं. "पण साहेब, म्या त्या मानसाला जबान दिली. काम होत न्हाई तर माफी मागू नये? आमच्यात असं न्हाई चालत."

"तुमची जबान कागदावर आहे, नायक. त्याच कागदावर तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवलंय, असं झालं तर काय करायचं. तुम्ही त्याप्रमाणं वागताय. ह्यात माफी कुठं आली?"

नायकाला ते पटलं नाही, पण त्यानं मान हलवली. साहेब कोर्टात जायला उठले आणि दारातून म्हणाले, "मसुदा तुम्ही करा, वकीलबाई. चार ओळी. जास्त झाल्या तर मी कापीन."

ही चार ओळींची सूचना मी सात वेळा लिहिली. आमच्याकडं मराठीचं एक जुनं यंत्र होतं, त्याचा 'ळ' अर्धाच उठायचा. 'लाळ्या'त तो मला शाईनं पुरा करावा लागला. काय झालं, केव्हापासून झालं, कोणतं काम त्यानं थांबलं, करारातल्या कोणत्या कलमाखाली कळवतो आहोत, बस. सोबत तहसीलच्या हुकमाची नक्कल. शेवटी 'आमचे सर्व हक्क राखून' हे शब्द. साहेबांनी संध्याकाळी वाचून एकाच जागी खोडलं. मी 'जमत नाही' असं लिहिलं होतं.

"जमत नाही म्हणजे मन नाही, असंही होतं," ते म्हणाले. "'अशक्य झाले आहे' लिहा. करारात शब्द 'अशक्य' आहे. करारात जो शब्द आहे तोच वापरायचा. इथं आपली भाषा दाखवायची नाही."

दुसऱ्या दिवशी नायकानं सही केली. त्याची सही म्हणजे तीन अक्षरं, पण ती काढताना तो श्वास रोखून धरायचा. कागद रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह गेला. पोचपावती परत आल्यावर साहेबांनी ती टाचणीनं मिसलीत, म्हणजे फायलीत, लावली आणि नायकाला सांगितलं, "आता पाच बाजार होऊ द्या. मग या."

पाच बाजार, म्हणजे पस्तीस दिवस. नायक तारखा मोजत नव्हता, बाजार मोजत होता. तो बरोबर पाचव्या बाजारच्या दिवशी आला.

एव्हाना बैल मरायचे थांबले होते. तीन दगावले, बाकीचे उठले. पण डॉक्टरांनी दाखला दिला होता की हे बैल उन्हाळा संपेपर्यंत जड ओझ्याला लावता येणार नाहीत. ह्या रोगातून उठलेला बैल उन्हात धापा टाकतो. हुकूमही अजून उठला नव्हता. आणि तिकडं करार उभा, त्यात अट की ठेका चालू असेपर्यंत तांड्यातल्या गाडीवानांनी दुसरीकडं काम धरायचं नाही. म्हणजे बैलही बसलेले आणि माणसंही बसलेली.

"संपवा आता," नायक म्हणाला. "पोरं हळद शिजवायच्या कामाला जातो म्हणून राहिलीत. करार हाय तवर कसं जातील?"

आता खरी नोटीस लिहायची होती. साहेबांनी मला विचारलं, "कारण काय द्याल? रोग की हुकूम?"

"रोग," मी म्हणाले.

"समोरचा म्हणेल, साथीचा रोग म्हणजे माणसांचा. कॉलरा, देवी. बैलांचं त्यात कुठं लिहिलंय?"

"मग हुकूम."

"हुकूम उद्या उठला तर?"

मी करार उघडून ते कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "दोन्ही. आणि डॉक्टरांचा दाखलाही. प्रत्येक कारण वेगळ्या परिच्छेदात, म्हणजे एक पडलं तरी दुसरं उभं राहील."

साहेबांनी नुसतं "हं" केलं. त्यांच्याकडून 'हं' मिळणं म्हणजे काय, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांनाच कळेल. पुढं त्यांनी हेही समजावलं, की करारात असं कलम नसतं तर करार कायद्याचं छप्पन्नावं कलम, अशक्य झालेल्या कामाचं, धरावं लागलं असतं, आणि ती वाट लांबची. दोघांनी आपणहून वाट बांधून ठेवलीय तर तिच्यावरूनच चालायचं. 'रद्द' लिहायचं नाही, कारण रद्द म्हणजे जणू झालाच नव्हता, आणि महिनाभर केलेलं काम तर खरं आहे. 'कलमान्वये समाप्त' लिहायचं. आणि पंधरा दिवस आजपासून नाहीत, नोटीस हातात पडल्यापासून.

मी टाईप केलं, 'सर्व चोवीस गाड्या हुकुमामुळे अडकून पडल्या आहेत.' साहेबांनी विचारलं, "सर्व? मोजल्यात तुम्ही?"

"नायकांनीच सांगितलं."

"सही जरी नायकाची असली, तरी करार चोवीस जणांचा आहे. जाऊन त्यांना वाचून दाखवा. आपण काय म्हणतोय, ते त्यांना कळलं पाहिजे. मराठीत लिहिलंय ते त्यासाठीच."

मग मी एसटीनं वारंगा फाट्याला उतरले. तिथून एरवी तांड्याची एखादी गाडी मिळायची, पण गाड्याच बंद. दोन कोस चालत गेले, वहाणांत माती, कोट हातावर. तांड्याच्या तोंडाशी फिनेलमध्ये भिजवलेली पोती टाकलेली होती. त्यांच्यावर पाय पुसल्याशिवाय आत सोडत नव्हते. एक म्हातारी काठी घेऊन तिथं पहाऱ्याला बसली होती. तिनं मला दोनदा पाय पुसायला लावले. "वकील असशील," म्हणाली, "रोगाला काय कळतंय?"

निंबाच्या झाडाखाली सगळे जमले. मी उभी राहून नोटीस वाचली. वाचता वाचता 'आवाक्याबाहेरील' ह्या शब्दापाशी थांबून सांगितलं, "म्हणजे आपल्या हातात नव्हतं ते." माणसं माना हलवत होती. बायका मागं उभ्या होत्या, त्यांच्या आरशांच्या ओढण्या उन्हात लखलखत होत्या. नायकाची बायको पुढं आली.

"यात आमच्या बैलांची नावं काहून न्हाईत?"

सगळे हसले. मीही हसले, पण मग वाटलं, काहून नाहीत खरंच? डॉक्टरांच्या दाखल्यात एकेका बैलाचं वर्णन होतं, रंग आणि शिंगं. त्याच्यासमोर नाव लिहिलं तर कुणाचा कोणता बैल हे पक्कं होईल. मी यादी काढली आणि बायका नावं सांगू लागल्या. अर्धे बैल राजे निघाले, उरलेले पहिलवान. एका जोडीचं नाव सांगताना मात्र सगळ्या अडखळल्या. मग आणखी एका जोडीचं.

"ह्या दोन जोड्या डॉक्टरांच्या यादीत नाहीत," मी म्हणाले. "का?"

नायक झाडाकडं बघत राहिला. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "ते लिहू नका बाई. ते सोडून द्या."

हळूहळू कळलं. साथ यायच्या आधी नायकाचा भाचा दोन गाड्या घेऊन कळमनुरीकडं लग्नाला गेला होता. हुकूम निघाला तेव्हा तो बाहेर. दोन गाड्या आणि चार बैल बाहेरच राहिले, धडधाकट. म्हणजे चोवीस नाही, बावीस.

मला राग आला आणि भीतीही वाटली. "हे आधी का नाही सांगितलं? मी 'सर्व' लिहिलंय! उद्या समोरचा म्हणेल, तुमच्या गाड्या कळमनुरीत फिरतात आणि तुम्ही साथ सांगता!"

"म्हणून तर लिहू नका म्हनलो," म्हातारा म्हणाला.

"उलट. लिहायचंच. जे खोटं आहे त्याच्यावर मी सही घेणार नाही."

नायक मग खालच्या आवाजात बोलला. "म्या त्या दोन गाड्या कालव्याच्या छावणीवर, ठेकेदाराच्या मुकादमाकडं धाडल्या व्हत्या बाई. दुसऱ्याच आठवड्यात. म्हनलं, हायेत त्या तरी लावा. मुकादम हसला. म्हनला, दोन गाड्यांनी कालवा व्हतो का? परत लावलं पोराला. समद्यांदेखत. ते सांगायला लाज वाटली."

ज्याला हे लोक नोटिशीतलं भोक समजून झाकत होते, तीच सगळ्यात भक्कम गोष्ट होती. काम जेवढं होऊ शकत होतं तेवढं त्यांनी देऊ केलं होतं, आणि समोरच्यानं ते नाकारलं होतं.

"कुणी बघितलं? काही कागद?"

"छावणीच्या फाटकावर चिठ्ठी देतेत, आत-बाहेरची. पोराजवळ असंल."

चिठ्ठी तिसऱ्या दिवशी ऑफिसात आली. भाच्यानं ती मुंडाशात घडी करून ठेवलेली, घामानं कडा पिवळ्या. तारीख होती, मुकादमाची सही होती आणि चार शब्द: 'गाड्या दोन. उपयोग नाही.' साहेबांनी ती चष्मा कपाळावर सारून वाचली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "नक्कल जोडा. अस्सल आपल्याकडं ठेवा. आणि चौथा परिच्छेद नवा लिहा."

चौथा परिच्छेद मी रागाशिवाय लिहिला. मुकादम हसला, हे त्यात नव्हतं. एवढंच होतं, की दोन गाड्या हुकूम निघाला तेव्हा हद्दीबाहेर होत्या, त्या अमुक तारखेला कामासाठी हजर केल्या, त्या परत पाठवण्यात आल्या, चिठ्ठीची नक्कल सोबत. उरलेल्या बावीस गाड्यांचं काम वर सांगितलेल्या कारणांनी अशक्य आहे. नोटीस गेली.

पोचपावती आल्यावर चौथ्या दिवशी ठेकेदार स्वतः ऑफिसात आला. मोठ्या पोटाचा, हैदराबादकडचा माणूस, दखनी हिंदी बोलणारा. नायकही त्या दिवशी आलेला होता, तो भिंतीला टेकून उभा. ठेकेदार बसायच्या आधीच बोलायला लागला.

"वकीलसाब, ये क्या तमाशा है? साथ बोले तो आदमियों की साथ. बैल को सर्दी हुई तो करार खतम? और मेरे कू सब मालूम है. इनकी गाड्या कळमनुरी में फिरते. मेरे आदमी ने खुद देखा. दो गाड्या!"

त्यानं दोन बोटं टेबलावर आपटली. तो हेच घेऊन आला होता, दिसतच होतं. साहेब शांतपणे म्हणाले, "नोटीस पूरी पढ़े आप?"

"मुन्शी ने पढ़ के सुनाया. आखरी का."

"वकीलबाई, चौथा परिच्छेद वाचा."

मी उठून वाचला. मराठी त्याला चांगली कळायची. 'दोन गाड्या' हे शब्द आले तसा तो सरसावून बसला. 'परत पाठवण्यात आल्या' आलं तसा त्याचा चेहरा बदलला. मी अस्सल चिठ्ठी साहेबांच्या हातात दिली आणि साहेबांनी ती दुरूनच दाखवली. ठेकेदारानं सही ओळखली. मग खो खो हसायला लागला, पोट हलेपर्यंत.

"मैं समझा ये छुपाए हैं," तो म्हणाला. "ये तो पहले से लिख के बैठे! वो मुकादम को मैं देखता."

चहा आला. ठेकेदारानं बशीत ओतून प्यायला. बशी ठेवल्यावर म्हणाला, बैलांच्या साथीबद्दल मी भांडलो असतो, पण सरकारचा हुकूम आहे, त्याला काय करणार. नोटिशीच्या आमच्या प्रतीवर त्यानं लिहून दिलं, की नोटीस मान्य, मुदत संपल्यावर करार समाप्त, कुणाचं कुणाकडं काही मागणं नाही. सही केली. साहेबांनी ती वाळेपर्यंत हातात धरून ठेवली.

तेवढ्यात नायक भिंतीपासून पुढं आला. "साहेब, आता म्हनू का?"

"काय?"

"माफीचं."

साहेबांनी सही पुन्हा एकदा बघितली. "आता म्हणा. पण तोंडी."

नायकानं ठेकेदारासमोर हात जोडले. म्हणाला, "शेट, तुमचं काम अर्ध्यात ऱ्हायलं. तुमाला तकलीफ झाली. मला वाईट वाटलं." ठेकेदार उठून उभा राहिला आणि त्यानं नायकाचे दोन्ही हात धरले. ठेकेदाराचे डोळे भरले होते, हे मी सांगितलं तर साहेब पुढं कधी मानायचे नाहीत. ते म्हणायचे, चहा गरम होता.

जाता जाता ठेकेदार माझ्या टेबलाशी थांबला. "वकीलबाई, मेरा भी करार है सरकार से. मुदत चल रही. मेरे कू भी ऐसाच एक कागद बना के दो ना. गाड्या नहीं मिले, हुकूम के वजह से."

मी आनंदानं हो म्हणणार होते. साहेब मध्येच म्हणाले, "आत्ता नाही. नोटिशीची मुदत अजून चालू आहे, तोवर तुम्ही समोरचे आहात. मुदत संपू द्या आणि नायकांची हरकत नसेल तर या." नायक लगेच म्हणाला, "माझी न्हाई हरकत. बाईनं बैलांची नावं लिहिली, तुमच्या मुकादमाचंबी नाव लिहितील."

मुदत संपल्यावर ठेकेदार खरंच आला. त्याच्या मुदतवाढीचा अर्ज मी लिहिला आणि त्याला दोन महिने मिळाले. माझ्या नावानं आलेलं ते पहिलं काम, कारण साहेबांनी फीची पावती माझ्या सहीनं फाडायला लावली. तोवर तांड्यातली माणसं हळदीच्या कढयांवर गेली होती आणि बैल सावलीत रवंथ करत होते. हुकूम शिमग्याच्या सुमारास उठला.

पुढच्या हिवाळ्यात ठेकेदारानं पुन्हा त्याच तांड्याला बोलावलं. नवा करार आमच्याच ऑफिसात झाला, ह्या वेळी दोघांच्या संमतीनं एकाच वकिलाकडून. कलम वाचताना ठेकेदारानं हात वर केला. "साथीचा रोग के आगे लिखो, 'माणसांचा अथवा जनावरांचा'. नहीं तो फिर झगडा." मी लिहिलं. नायक म्हणाला, कोंबड्यांचंपण घाला, तर साहेब म्हणाले, कोंबड्या काय दगड वाहणार आहेत? नायकानं विचार केला आणि म्हणाला, "न्हाई. पन आमच्या बायका खूश व्हतील."

कोंबड्या घातल्या नाहीत. सही करताना नायकानं ह्या खेपेला श्वास रोखला नाही. तीन अक्षरं झटक्यात काढली आणि विचारलं, "चहा हाय का न्हाई?"